सोमवारची वही की रोजची नजर? पंप-स्पेअरच्या एका दुकानातला साठा-आढावा

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मोटार-पंपाच्या स्पेअर पार्टचे जुने दुकान आहे. आजूबाजूला ऊस आणि द्राक्षे, पाणी विहिरीचे नाहीतर बोअरचे. त्यामुळे गिऱ्हाईक तीन प्रकारचे: पंप बंद पडला म्हणून सकाळीच दारात उभा राहणारा शेतकरी, गावोगाव फिरणारा मेकॅनिक आणि मोटारी भरून देणारे रिवाइंडिंगवाले. दुकानात सुमारे १४०० प्रकारचा माल आहे. बेअरिंग, कपॅसिटर, मेकॅनिकल सील, सबमर्सिबलचे इंपेलर आणि बुश, स्टार्टरचे सुटे भाग, तांब्याची वाइंडिंग वायर. दुकानाचे मालक अण्णा, बिलिंग आणि संगणक पाहणारा त्यांचा पुतण्या, आणि मागचे गोदाम सांभाळणारे बापू. बापूंना कुठला डबा कुठे आहे हे अंधारातही सांगता येते.

मी या दुकानाचे हिशेब आणि बँकेची स्टॉक स्टेटमेंट पाहतो, त्यामुळे हे प्रकरण मला जवळून दिसले. ओळख पटू नये म्हणून काही तपशील आणि आकडे बदलले आहेत. प्रमाणे मात्र तशीच ठेवली आहेत.

अण्णांची पद्धत तीस वर्षांपासून एकच होती. दर सोमवारी सकाळी बापू गोदामात फिरत, कमी दिसेल ते वहीत लिहीत, आणि दुपारपर्यंत सगळ्या पुरवठादारांना ऑर्डर जात. बेअरिंग जिल्ह्याच्या ठिकाणच्या स्टॉकिस्टकडून, सबमर्सिबलचे स्पेअर राजकोटहून, कपॅसिटर पुण्याहून. ठरलेल्या दिवशी सगळा माल बघायचा आणि जेवढा कमी असेल तेवढा भरून घ्यायचा, याला साठा-व्यवस्थापनात नियतकालिक आढावा म्हणतात. दुसरी पद्धत सततच्या आढाव्याची. तिच्यात प्रत्येक विक्रीनंतर शिल्लक पाहिली जाते, आणि ती ठरलेल्या पातळीखाली गेली की त्याच क्षणी ऑर्डर निघते, वार कोणताही असो.

अडचण

जानेवारीअखेर दुकानात ४६ लाखांचा माल होता आणि बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा जवळजवळ पूर्ण वापरली गेली होती. तरीही "६२०५ बेअरिंग संपलंय, बुधवारी या" हे वाक्य काउंटरवर रोज ऐकू येत होते. पंपाच्या धंद्यात बुधवारी या म्हणणे म्हणजे गिऱ्हाईक गमावणे. उभे पीक वाळत असताना शेतकरी तीन दिवस थांबत नाही, तो पंधरा किलोमीटरवरच्या दुसऱ्या दुकानात जातो. आणि गेलेला मेकॅनिक पुढच्या वेळी पहिल्यांदा तिकडेच जातो.

माल जास्त आणि तुटवडाही जास्त, हे दोन्ही एकाच वेळी कसे, असा प्रश्न अण्णांना पडला होता. खरे तर यात विसंगती काही नव्हती. आठवड्यातून एकदाच संधी मिळते म्हटल्यावर बापू धास्तीने सगळेच जरा जास्त लिहीत. पण किती जास्त, हे डोळ्यांच्या अंदाजावर चाले. हळू खपणाऱ्या मालाचा ढीग वाढत गेला, आणि रोज पाच-सात नग जाणारी बेअरिंग शुक्रवार-शनिवारपर्यंत संपत राहिली.

समोरचे पर्याय

पुतण्याचा आग्रह स्पष्ट होता. "अण्णा, बिल संगणकावर होतंय, मग शिल्लक संगणकालाच विचारू की. प्रत्येक आयटमला रीऑर्डर लेव्हल टाकतो, खाली गेलं की लगेच ऑर्डर. वही बंद करा."

अण्णांना हे पटत नव्हते. "रोज उठून राजकोटला फोन करणार आहेस का तू? त्या लोकांना एकेक डबा पाठवायला वेळ आहे होय?"

तिसरा पर्याय मी मांडला होता: वही ठेवा, पण प्रत्येक मालाची वरची पातळी हिशेबाने ठरवा. म्हणजे सोमवारी डोळ्याने अंदाज न करता, "या पातळीपर्यंत भरा" एवढेच काम उरेल. हा पर्याय कोणालाच फारसा आवडला नाही. पुतण्याला तो जुनाट वाटला आणि अण्णांना आकडेमोडीचा.

दोन्ही पद्धतींतला फरक नेमका कुठे पडतो, हे आधी एका मालावर पाहू. ६२०५ हे २५ मिलिमीटर शाफ्टचे बेअरिंग. हंगामात रोज सरासरी ५ नग खपते आणि रोजच्या खपात साधारण ४ नगांचा चढउतार असतो (म्हणजे प्रमाण विचलन ४). स्टॉकिस्ट दोन दिवसांत माल देतो.

```
सतत आढावा:      s = d × L + z × σ × √L
नियतकालिक आढावा: S = d × (R + L) + z × σ × √(R + L)
```

इथे d म्हणजे रोजचा खप, σ त्यातला चढउतार, L माल यायला लागणारे दिवस आणि R दोन आढाव्यांमधले दिवस. z साठी १.६५ घेतला, म्हणजे शंभरातल्या साधारण ९५ खेपांना माल येईपर्यंत तुटवडा पडू नये असा हिशेब.

सततच्या आढाव्यात धोका फक्त L एवढ्या दिवसांचा असतो. ऑर्डर दिली आणि माल यायच्या आत खप वाढला, तर त्याच दोन दिवसांत. म्हणून ५ × २ = १० नग अपेक्षित खप आणि १.६५ × ४ × √२ म्हणजे ९.३, वरच्या अंगाने धरून १० नग राखीव. शिल्लक २० वर आली की ऑर्डर.

सोमवारच्या वहीत मात्र सोमवारी दिलेल्या ऑर्डरनंतर पुढची संधी पुढच्या सोमवारी, आणि तो माल त्यानंतर दोन दिवसांनी. दुकान सहा दिवस चालते, म्हणजे एका ऑर्डरला आठ कामाचे दिवस निभवायचे असतात. राखीव साठा १.६५ × ४ × √८, म्हणजे साधारण १९ नग. वरची पातळी ४० + १९, म्हणजे ६० च्या आसपास. एकाच बेअरिंगसाठी, तेवढ्याच भरवशासाठी, राखीव माल जवळजवळ दुप्पट लागतो.

हा हिशेब पाहून पुतण्याची बाजू भक्कम झाली. पण तो फक्त बेअरिंगचा होता, आणि तिथेच पुढच्या गोंधळाचे मूळ होते.

पहिला निर्णय: सगळे एकदम संगणकावर

फेब्रुवारीत वही बंद झाली. १४०० पैकी ज्यांचा खप बिलांवरून काढता आला त्या सगळ्या मालाला रीऑर्डर लेव्हल टाकली गेली. रोज सकाळी यादी छापायची आणि तिच्यावर असेल ते मागवायचे. त्याच सुमारास काउंटरवर एक साधी वही ठेवली: गिऱ्हाइकाने मागितले आणि आपल्याकडे नव्हते, असा प्रत्येक माल तिच्यात लिहायचा. दुकानात तिला "नाही-वही" म्हणू लागले. या प्रकरणातली सर्वांत उपयोगी वस्तू तीच ठरली, कारण बिलांवरून खप दिसतो पण हुकलेला खप दिसत नाही.

बेअरिंगमध्ये दोन-तीन आठवड्यांतच फरक दिसला. राजकोटच्या मालाचे मात्र उलटे झाले.

राजकोटच्या पुरवठादाराकडून सुमारे १९० प्रकारचा माल येतो. पूर्वी आठवड्याची एक ऑर्डर चाळीस-पन्नास हजारांची असे आणि ३० हजारांवरच्या ऑर्डरला भाडे पुरवठादार भरत असे. आता प्रत्येक इंपेलर आणि प्रत्येक बुश आपापल्या वेळी पातळीखाली जाऊ लागला. मार्च महिन्यात १७ ऑर्डरी गेल्या, बहुतेक पाच-सात हजारांच्या. प्रत्येकीची वेगळी बिल्टी, वेगळी हमाली, स्टँडवरून आणायचा वेगळा टेम्पो. एका पार्सलमागे साधारण ४२० रुपये. महिन्याला सात हजारांवर खर्च, जो आधी जवळपास शून्य होता.

पैशांपेक्षा मोठा फटका वेळेचा होता. राजकोटहून आमच्या भागाकडे थेट येणारी ट्रान्सपोर्टची गाडी आठवड्यातून एकदाच, शनिवारी भरते आणि बुधवारी माल गावात पोहोचतो. मधल्या वारी दिलेले पार्सल दुसऱ्या ट्रान्सपोर्टने, मुंबईत बदली होऊन येई. त्याला कधी आठ दिवस लागत, कधी बारा. एप्रिलच्या सुरुवातीला तर पुरवठादाराकडच्या माणसाने छोट्या ऑर्डरी हातावेगळ्या करणेच थांबवले. तो त्या साठवून ठेवी आणि त्याला सोयीचे झाले की एकदम पाठवी. थोडक्यात, आठवड्याची ऑर्डर बंद झालीच नव्हती. ती आता पुरवठादाराच्या वेळापत्रकाने चालत होती, आणि ते वेळापत्रक दुकानाला माहीत नव्हते.

दुसरी अडचण अधिक गुपचूप होती. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात नाही-वहीत एक ठरावीक मेकॅनिकल सील चार दिवस ओळीने दिसली. संगणकावर तिची शिल्लक ३४ होती. बापूंनी डबा उघडला तर आत ९ नग, आणि तेही जवळच्याच दुसऱ्या मापाचे. सततच्या आढाव्याचा सगळा डोलारा नोंदीतल्या शिल्लकेवर उभा असतो. नोंद खऱ्यापेक्षा जास्त असेल तर शिल्लक पातळीखाली जातच नाही, म्हणून ऑर्डर निघत नाही, म्हणून माल येत नाही, आणि विक्री नसल्यामुळे नोंद कमीही होत नाही. असा माल कायमचा अडकून बसतो आणि कोणतीही यादी त्याच्याकडे बोट दाखवत नाही. वहीच्या पद्धतीत हा दोष आठवड्याच्या आत पकडला गेला असता, कारण बापू नोंद बघत नव्हते, डबा बघत होते.

नोंदी का चुकत होत्या हे शोधणे सोपे होते. मेकॅनिक "बसवून बघतो, बसलं तर बिल करा" म्हणून तीन मापे घेऊन जातात आणि संध्याकाळी दोन परत आणतात. एका मापाचे बेअरिंग पत्र्याच्या झाकणाचे विकले जाते आणि बिल रबरी झाकणाच्याचे होते. रिपेअर किट फोडून त्यातली एकच ओ-रिंग दिली जाते. यात कोणाची लबाडी नाही, स्पेअरचा धंदा असाच चालतो. पण अशा दुकानात संगणकाच्या शिल्लकेवर आंधळा भरवसा टाकण्याआधी चाळीस-पन्नास डबे उघडून मोजायला हवे होते. ते काम एका दुपारचे आहे.

दुसरा निर्णय: दुकान एक, पद्धती दोन

एप्रिलच्या मध्याला तिघे बसले. अण्णांना सगळेच पूर्ववत करायचे होते आणि हंगाम ऐन भरात असताना ते स्वाभाविक होते. पण बेअरिंगमध्ये झालेला फायदा सोडायला पुतण्या तयार नव्हता, आणि नाही-वही त्याच्या बाजूने होती: बेअरिंगच्या नोंदी निम्म्याहून कमी झाल्या होत्या.

इथे प्रश्न बदलला. "कोणती पद्धत चांगली" हे विचारणे थांबले आणि प्रत्येक पुरवठादारासाठी दोन गोष्टी विचारल्या गेल्या: माल यायला लागणाऱ्या दिवसांच्या मानाने आढाव्याचे अंतर किती मोठे आहे, आणि एकत्र मागवण्याने काय वाचते.

पहिल्या प्रश्नाचे गणित वरच्या सूत्रातच आहे. आठवड्याच्या आढाव्यामुळे राखीव साठा √(R + L) भागिले √L एवढ्या पटीने वाढतो. बेअरिंगला L दोन दिवस, म्हणून √८ भागिले √२, म्हणजे दुप्पट. राजकोटला L आठ दिवस धरला तर √१४ भागिले √८, म्हणजे जेमतेम १.३ पट. माल जितका लांबून आणि जितक्या उशिरा येतो, तितका आठवड्याच्या आढाव्याचा दंड हलका. कारण उघड आहे: आठ दिवसांचा धोका आधीच पत्करलेला असतो, त्यात सहा दिवसांची भर तुलनेने कमी बोचते. जवळच्या पुरवठादाराच्या बाबतीत मात्र दोन दिवसांत मिळणारा माल आठ दिवस पुरेल एवढा साठवत बसणे शुद्ध तोटा आहे. बरेच दुकानदार नेमके उलटे करतात. लांबच्या मालाची काळजी वाटते म्हणून त्याच्याकडे रोज बघतात, आणि जवळचा "कधीही मिळतो" म्हणून आठवड्यावर टाकतात.

दुसऱ्या प्रश्नात तर राजकोटचा निकाल आधीच लागला होता. गाडीच आठवड्यातून एकदा भरते, मग ऑर्डर मंगळवारी दिली काय आणि गुरुवारी दिली काय, माल बुधवारीच येणार. अशा ठिकाणी सततच्या आढाव्याने काहीच लवकर येत नाही.

मग अण्णांनी एक प्रश्न विचारला, आणि माझ्या मते या सगळ्या चर्चेतला तोच सर्वांत मोलाचा होता. "गाडी शनिवारी भरते, तर मी तीस वर्षं सोमवारी का सांगतोय?"

सोमवारी दिलेली ऑर्डर राजकोटमध्ये पाच दिवस कागदावर पडून राहत होती. सोमवारपासून पुढच्या बुधवारपर्यंत आठ कामाचे दिवस होतात. तीच ऑर्डर गुरुवारी संध्याकाळी दिली, तर शुक्रवारी माल बांधला जातो, शनिवारी गाडीत चढतो आणि पाच कामाच्या दिवसांत गावात येतो. एका इंपेलरचा हिशेब मांडला. रोजचा खप ३, चढउतार ३. सोमवारच्या आढाव्याने वरची पातळी ४२ + १८.५, म्हणजे साधारण ६०. गुरुवारच्या आढाव्याने R + L अकरावर येतो, ३३ + १६.५, म्हणजे ५०. पद्धत तीच, पुरवठादार तोच, फक्त वार बदलला आणि प्रत्येक इंपेलरमागे दहा नगांची गरज कमी झाली. नियतकालिक आढाव्यात आढावा कधी घ्यायचा हे सवयीने ठरते, आणि बहुतेक ठिकाणी त्या वारामागचे कारण कोणालाच सांगता येत नाही.

प्रत्यक्ष अंमलबजावणी

राजकोटचा १९० प्रकारचा माल गोदामात एका रांगेत आणला गेला. गुरुवारी जेवणानंतर बापू फक्त तेवढीच रांग मोजतात, दीड तास लागतो. प्रत्येक डब्यावर वरची पातळी मार्करने लिहिलेली आहे. ५० लिहिले आहे आणि ३१ आहेत, तर १९ मागवायचे. ऑर्डर ३० हजारांच्या खाली राहत असेल, तर वरच्या पातळीच्या सर्वांत खाली गेलेल्या आठ-दहा प्रकारांचे प्रत्येकी काही नग पुढच्या आठवड्यातून अलीकडे ओढले जातात. संगणकाची शिल्लक या मोजणीवरून त्याच वेळी दुरुस्त होते. हा फायदा ठरवून मिळवलेला नव्हता, आपोआप पदरात पडला.

बेअरिंगच्या साठ चालू मापांसाठी सततचा आढावा राहिला, पण संगणकाविना. प्रत्येक मापाचे रीऑर्डर पातळीएवढे नग वेगळ्या पुड्यात बांधून डब्याच्या तळाशी ठेवले आणि पुड्यावर एक लाल कार्ड अडकवले. सुटे नग संपून पुडा फोडायची वेळ आली की कार्ड काउंटरवरच्या ट्रेमध्ये टाकायचे. सकाळी दहाला पुतण्या ट्रेमधली कार्डे पाहून स्टॉकिस्टला फोन करतो. दोन डब्यांची पद्धत म्हणून ही जगभर कारखान्यांत वापरली जाते. तिचे मोठे बळ असे की नोंद चुकली तरी पुडा चुकत नाही. बिल दुसऱ्याच मापाचे झाले असले तरी बेअरिंग खरोखर ज्या डब्यातून गेले, तोच पुडा फुटतो.

तिच्यातही एक अडचण निघाली. रिवाइंडिंगवाला एकदम १२ ते १५ नग उचलतो. सुटे दोनच शिल्लक असताना तो आला, की पुडा फुटतो आणि २२ वरून शिल्लक थेट सातवर येते. सूत्र असे गृहीत धरते की साठा एकेका नगाने उतरतो आणि पातळीवर बरोबर येऊन ठेपतो. इथे तो पातळी ओलांडून खाली जात होता. कार्डावर आधी "३० मागवा" असे ठरावीक लिहिले होते, त्यामुळे अशा वेळी आलेला मालही अपुरा पडे. मेमध्ये कार्डे बदलली. रिवाइंडिंगवाले नेणाऱ्या चार मापांचे पुडे २५ चे केले आणि सगळ्याच कार्डांवर ठरावीक नगांऐवजी "५० पर्यंत भरा" असे लिहिले. शिवाय दोन मोठ्या रिवाइंडिंगवाल्यांना आदल्या दिवशी फोन करायची विनंती केली. एकाने ती पाळली.

तांब्याची वायर दोन्ही पद्धतींबाहेर ठेवली. तिचा भाव तांब्याच्या बाजाराबरोबर हलतो, आणि अण्णा ती कधी घ्यायची हे भाव पाहून ठरवतात. तो सट्टा आहे की अनुभव, यावर मी मत देत नाही. हळू खपणारे सातशे-आठशे प्रकार महिन्यातून एकदाच पाहिले जातात, तेही खालच्या पातळीखाली गेले असतील तरच मागवले जातात. त्यांच्यावर यापेक्षा जास्त वेळ घालवणे परवडत नाही.

निकाल

राजकोटच्या बिल्ट्या महिन्याला चार-पाचवर आल्या आणि भाडे पुन्हा पुरवठादाराकडे गेले. नाही-वहीत पहिल्या एप्रिलमध्ये रोज सरासरी नऊ नोंदी होत्या, पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये चार. पुढच्या जानेवारीअखेर साठा ४६ लाखांवरून ३९ लाखांवर आला होता.

हे आकडे जसेच्या तसे पद्धतीच्या खात्यावर टाकता येणार नाहीत. सात लाखांपैकी जवळपास तीन लाख जुना, पडून राहिलेला माल होता. तो पुरवठादाराला परत दिला किंवा मिळेल त्या भावात काढला, आणि त्याचा आढाव्याशी काही संबंध नव्हता. दुसऱ्या उन्हाळ्यात विहिरींना पाणीही जास्त काळ टिकले, त्यामुळे बोअरवाल्यांची धावपळ कमी होती. नाही-वहीतली घट काही अंशी त्या पाण्याची आहे. बेअरिंगमधला फरक मात्र पहिल्याच हंगामात, ऐन टंचाईत दिसला होता, म्हणून त्याच्याबद्दल मला शंका नाही.

पुण्याच्या कपॅसिटरचा प्रश्न अजून मिटलेला नाही. माल तीन दिवसांत येतो, म्हणून सततचा आढावा बरा वाटतो. पण पुरवठादाराचा सेल्समन दर मंगळवारी स्वतः येतो, ऑर्डर त्याच्या हातात दिली तर स्कीमचा माल मिळतो आणि फोनवर दिली तर मिळत नाही. सध्या तडजोड अशी आहे: मंगळवारी नेहमीचा आढावा, आणि सर्वांत चालणाऱ्या सहा मापांना लाल कार्ड. कार्ड मंगळवारच्या आधी पडले तर स्कीम सोडून फोन करायचा. हे दोन्ही पद्धतींचे मिश्रण आहे आणि थोडे गबाळे दिसते, पण स्कीमची किंमत आणि हुकलेल्या गिऱ्हाइकाची किंमत समोरासमोर ठेवली तर ते चूक नाही.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत आधी काळाबद्दल. सगळी पद्धत फेब्रुवारीत बदलणे, म्हणजे हंगाम सुरू होताना, हे धोक्याचे होते. हेच काम ऑगस्टमध्ये सुरू केले असते, तर राजकोटच्या १७ बिल्ट्यांचा धडा पाच-सहा बिल्ट्यांत शिकता आला असता. पण साठ्याचा प्रश्न हंगामातच टोचतो आणि ऑगस्टमध्ये त्याची आठवण कोणाला होत नाही, हेही खरे.

नाही-वही बदलाच्या दोन महिने आधी सुरू व्हायला हवी होती. तशी ती असती, तर सोमवारच्या पद्धतीत खरोखर किती गिऱ्हाईक परत जात होते हे सांगता आले असते. आज आपल्याकडे पहिल्या एप्रिलची तुलना आहे, पण त्या एप्रिलमध्ये पद्धत आधीच विस्कटलेली होती. जुन्या वहीवर थोडा अन्याय झाला आहे.

बदलाआधी पुरवठादाराशी बोलणे झाले नाही. "आम्ही आता रोज ऑर्डर देऊ, चालेल का?" हा एक फोन केला असता, तर शनिवारच्या गाडीची गोष्ट फेब्रुवारीतच समजली असती. अण्णांना ट्रान्सपोर्टच्या नावापलीकडे तिचा वार माहीत नव्हता, कारण माल बुधवारी येतो एवढेच तीस वर्षे पुरेसे होते.

ज्यांना संगणकावरूनच सततचा आढावा चालवायचा आहे, त्यांच्यासाठी एक तपासणी नंतर सुरू केली, ती पहिल्या दिवसापासून हवी होती. हंगामात ज्या मालाची एरवी रोज विक्री होते, त्याची चार दिवस एकही विक्री नाही आणि संगणक शिल्लक दाखवतो, अशा मालाची यादी दर शनिवारी काढायची आणि ते डबे उघडायचे. पहिल्या यादीत ११ नावे आली आणि त्यातले सात डबे रिकामे निघाले.

पातळ्या बदलण्याचे काम मात्र अजूनही अर्धवट आहे. उन्हाळ्यासाठी बांधलेले २० आणि २५ चे पुडे जुलैत तसेच होते, जेव्हा पावसामुळे खप निम्म्यावर येतो. डब्यावरच्या मार्करच्या पातळ्या आणि पुडे वर्षातून तीनदा बदलायचे ठरले आहे: होळीच्या आधी, पाऊस लागल्यावर आणि दिवाळीनंतर. होळीच्या आधीचे काम वेळेवर झाले, कारण तुटवड्याची भीती होती. पाऊस लागल्यावरचे सप्टेंबरपर्यंत राहिले. साठ पुडे सोडून पुन्हा बांधायला बापूंना दीड दिवस लागतो, आणि त्या दिवसांत दुकानात कोणी ओरडत नसल्यामुळे ते काम पुढे ढकलले जाते.